सातवीतली मुलगी घरी गणितं सोडवते, चाचणीत पेपर कोरा. कुठून सुरुवात करावी?

केतकी_ठाणे

मुलगी सातवीत, राज्य मंडळ, सेमी-इंग्रजी. घरी सरावसंच सोडवायला बसली की वीसातली सोळा-सतरा उदाहरणं बरोबर येतात. परिमेय संख्यांवरच्या घटक चाचणीत मात्र २० पैकी ५ मिळाले, आणि तिसऱ्या प्रश्नापासून पेपर कोरा. विचारलं तर म्हणते, "काहीच आठवत नव्हतं, अक्षरं दिसत होती पण वाचता येत नव्हती." चाचणीच्या आदल्या रात्री पोटात दुखतं. बाकीच्या विषयांत असं होत नाही. शाळेतून उत्तर आलं की अजून सराव घ्या. सराव तर रोज तासभर चालूच आहे. नेमकं काय करावं?

आबा_सांगली

पाढे कच्चे असणार. आजकाल वीसपर्यंतसुद्धा पाठ नसतात. आमच्या वेळी पावकी, निमकी, दिडकीसकट पाठांतर होतं आणि गणिताची भीती हा शब्दच नव्हता. रोज संध्याकाळी परवचा म्हणून घ्या, तीसपर्यंत. महिन्यात फरक दिसेल. कोपऱ्यावरच्या अबॅकसला पैसे घालवू नका.

खडूफळा

आबा, तुमच्या मुद्द्याकडे येतो. केतकीताई, आधी एक करा. तपासलेला पेपर समोर घ्या आणि तिने लिहिलेली शेवटची ओळ इथे जशीच्या तशी उतरवा, खाडाखोडीसकट. किती गुण मिळाले त्यापेक्षा पेन कुठे थांबलं ते कळायला हवं. आणि कोऱ्या जागेआधी किती वेळ गेला असेल, याचाही अंदाज तिला विचारा.

स्नेहल_डलास

हे डिस्कॅल्क्युलियासारखं वाटतंय, म्हणजे संख्यांच्या बाबतीतली अध्ययन अक्षमता. माझ्या मुलाचं निदान चौथीत झालं. त्याला अजून काट्यांचं घड्याळ नीट वाचता येत नाही, ७ मोठे की ९ यावर क्षणभर थांबतो, सुट्टे पैसे मोजताना चुकतो. तुम्ही ताबडतोब चाचणी करून घ्या. इथे शाळाच करते, तिकडे कुठे करतात माहीत नाही.

खडूफळा

स्नेहलताई, तुमच्या मुलाच्या अडचणी घरीही होतात, वेळेचं बंधन नसतानाही होतात, आणि अगदी साध्या संख्यांवर होतात. केतकीताईंच्या मुलीला घरी वीसात सोळा येतात. एवढ्या एका फरकावरून डिस्कॅल्क्युलिया सध्या मागे ठेवता येईल. पूर्ण बाद करू नका. खाली सांगेन ते सगळं दीड-दोन महिने करूनही घरचं कामच डळमळीत दिसलं, तर तपासणी करावी. मुंबईत सायन, नायर, केईएमसारख्या पालिकेच्या रुग्णालयांत अध्ययन अक्षमतेची तपासणी होते आणि परीक्षेत वाढीव वेळेसारख्या सवलतींसाठी लागणारा दाखला मिळतो. नंबर लागायला वेळ जातो, तेवढं धरून चाला.

केतकी_ठाणे

पेपर समोर आहे. पहिला प्रश्न रिकाम्या जागांचा, ४ पैकी ४. दुसऱ्यातलं पहिलं उदाहरण २/३ + (−५/६). तिने लिहिलंय:

= ४/६ − ५/६
= (खोडलेलं)
= ४/६ (पुन्हा खोडलेलं)

त्यापुढे काही नाही. पायरीचा १ गुण मिळाला. खोडलेल्याखाली "१/६" दिसतंय असं वाटतं. वेळेचं विचारलं, तर म्हणाली इथवर दहा-बारा मिनिटंच झाली होती, उरलेला अर्धा तास नुसती बसून होती. पेपर ४० मिनिटांचा होता.

खडूफळा

बघा, म्हणून शेवटची ओळ मागितली. तिला समच्छेद करता आले. २/३ चे ४/६ केले. कंसाबाहेरचं अधिक आणि आतलं उणे यांचं मिळून उणे होतं, तेही जमलं. म्हणजे सातवीचा धडा तिला येतोय. अडकली ती ४ − ५ वर. लहान संख्येतून मोठी वजा करायची, हे सहावीचं काम. उत्तर १/६ की −१/६, हा निर्णय तिला ठामपणे घेता आला नाही, म्हणून दोनदा खोडलं.

घरी हेच तिला येतं, कारण घरी थांबून विचार करायला जागा असते. परीक्षेत डोक्यातली तात्पुरती पाटी लहान होते. त्या पाटीवर एका वेळी चार-पाच गोष्टीच मावतात. छेद ६, अंश ४, दुसरा अंश ५, चिन्ह कुठलं, एवढ्यातच ती भरली. त्यात "मागच्या वेळेसारखं झालं तर?" हा विचार येऊन बसला की तोही पाटीवरच जागा खातो. मग आधी लिहिलेलं पुसलं जातं. "अक्षरं दिसत होती पण वाचता येत नव्हती" म्हणते ते हेच, बहाणा समजू नका.

म्हणून काम दोन बाजूंनी करावं लागतं. जे अजून विचार करून येतं ते आपोआप यावं, म्हणजे पाटीवर जागा मोकळी राहील. आणि परीक्षेच्या वातावरणाची सवय हळूहळू लावायची, म्हणजे भीती कमी जागा खाईल. नुसता तासभराचा सराव यातलं एकही करत नाही. येणारीच उदाहरणं, शांत खोलीत, आई शेजारी, असा तो सराव असतो.

आज तिला ही १२ उदाहरणं एका कागदावर द्या. घड्याळ दाखवू नका, तुम्ही मात्र मनात सेकंद मोजा.

४−५, −३−८, −३+८, ७−(−२), −६−(−६), ०−४, −९+२, २−९, −१−१, −५−(−८), ६−११, −७+७

तीन-चार सेकंदांत पेन चाललं तर ते आलं. त्याहून जास्त वेळ लागला, किंवा उत्तर लिहून खोडलं, तर बरोबर असलं तरी ते अजून पक्कं नाही असं धरा.

आबा_सांगली

पाढ्यांचं काय झालं मास्तर?

खडूफळा

आबा, अर्धं तुमचं बरोबर आहे. सात आठे छप्पन्न हे विचार न करता आलं तर पाटीवरची एक जागा वाचते. पण परवचा म्हणणाऱ्या मुलाला मधूनच "सात आठे?" विचारा. बरीच मुलं मनात सात एके सात, सात दुणे चौदा करत येतात. त्यांना क्रम पाठ असतो, गुणाकार नाही. म्हणून पाढे उलटसुलट विचारायचे, रोज आठ-दहा, आणि विचारताना हातात घड्याळ किंवा छडीचा आव नको. "कोण पहिलं उत्तर देतंय" हा खेळ हुशार मुलाला मजेचा वाटतो, घाबरणाऱ्याला तोही एक पेपरच. या मुलीच्या पेपरात मात्र पाढा कुठे अडला नाही. ३ दुणे ६ तिने बरोबर केलं.

प्रवीण_जळगाव

एक वेगळा मुद्दा, सेमीवाल्यांसाठी. मराठीत "आठातून पाच वजा करा" म्हटलं की जसं ऐकलं तसंच लिहायचं, ८ − ५. इंग्रजीत "सबट्रॅक्ट फाइव्ह फ्रॉम एट" म्हटलं की आधी पाच कानावर पडतो आणि मुलं ५ − ८ लिहून बसतात. पूर्णांक संख्या यायच्या आधी ही चूक लगेच पकडली जायची, कारण पाचातून आठ जातच नाहीत. सातवीत उणे उत्तर चालतं, त्यामुळे चुकलेलं चुकल्यासारखं दिसतच नाही. या मुलीच्या पेपरात असा शब्दांतला प्रश्न होता का?

केतकी_ठाणे

हो! चौथ्या प्रश्नात "सबट्रॅक्ट मायनस थ्री फ्रॉम फोर" असं काहीसं होतं. ती तिथवर पोचलीच नाही, त्यामुळे कळायला मार्ग नाही.

१२ उदाहरणांचं सांगते. ९ बरोबर, ३ चूक. −३−८ चं उत्तर ११, −१−१ चं २, आणि −५−(−८) चं −१३. गंमत म्हणजे −३−८ ला आधी −११ लिहिलं होतं, मग खोडून ११ केलं. विचारलं का, तर "उणे उणे अधिक." ४−५ ला अकरा सेकंद लागले, उत्तर बरोबर होतं.

खडूफळा

हा धागा मी वर्गात दाखवावा असं हे उदाहरण आहे. आधी बरोबर लिहिलं आणि मग नियमाने ते चुकवलं.

"उणे उणे अधिक" ही घोषणा गुणाकार-भागाकाराला चालते, आणि ७−(−२) सारख्या ठिकाणी, जिथे दोन उणे एकमेकांना चिकटून आहेत. −३−८ मध्ये उणे दोन आहेत, पण मध्ये ३ बसलाय. ते चिकटलेले नाहीत. मुलं दोन उणे दिसले की घोषणा लावतात. त्यातून या मुलीकडे एका प्रश्नाला दोन उत्तरं तयार होतात, एक समजेतून आलेलं, एक घोषणेतून आलेलं, आणि परीक्षेत दोघांतून निवड करता येत नाही. खरं म्हणजे तिची समज बरोबर होती.

पंधरा दिवस घोषणेला बंदी. फक्त दोन गोष्टी करायच्या. एक, समासात आडवी संख्यारेषा, −१२ ते १२, आणि प्रत्येक उदाहरण बोट ठेवून चालून बघायचं. −३ वर उभी राहा, ८ घरं डावीकडे जा. दोन, किराणा दुकानाची उधारी. ३ रुपये उधारी होती, अजून ८ ची उधारी केली, एकूण ११ ची उधारी. −५−(−८) म्हणजे ५ ची उधारी आहे, आणि दुकानदाराने ८ ची उधारी वहीतून काढून टाकली, हातात ३ उरले. कंसातलं उणे म्हणजे उधारी, बाहेरचं उणे म्हणजे काढून टाकणं. हे तिला स्वतःच्या तोंडाने सांगू द्या, तुम्ही सांगू नका.

रोज आठच उदाहरणं, पाच मिनिटं. त्यातली पाच आधी केलेली, तीन नवी, आणि प्रकार मिसळलेले. सगळी −३−८ सारखीच ओळीने दिली तर सहाव्यानंतर ती नियम न वापरता री ओढते, आणि तुम्हाला वाटतं आलं. पंधराव्या दिवशी हेच १२ पुन्हा द्या, क्रम बदलून. सगळी चार सेकंदांत आली तर पुढे. नाही आली तर अजून आठवडा, घाई नाही.

मधली_सुट्टी

शाळेत समुपदेशक म्हणून काम करते. खडूफळा सरांनी पायाचं सांगितलं, मी परीक्षेच्या भीतीचं सांगते, कारण पाया पक्का झाला तरी वर्गातला घंटेचा आवाज ऐकून शरीर जुनीच प्रतिक्रिया देईल.

भीती कमी होते ती सामोरं जाऊन, पण पायरी पायरीने. केतकीताई, तिच्यासोबत बसून भीतीला ० ते १० मध्ये गुण द्यायला शिकवा. ० म्हणजे टीव्ही बघताना, १० म्हणजे परवाचा पेपर. मग अशा पायऱ्या तयार करा: घरी, येणारी चार उदाहरणं, घड्याळ नाही, पण आई खोलीत नाही. मग तीच चार, शाळेच्या उत्तरपत्रिकेसारख्या समास आखलेल्या कागदावर. मग घड्याळ चालू, पण ते तिच्याकडे पाठ करून, फक्त शेवटी किती लागले ते सांगायचं. मग घड्याळ समोर, वेळ शाळेच्या दीडपट. मग चारात एक उदाहरण मुद्दाम न येणारं घालायचं. मग वीस गुणांचा पूर्ण पेपर, चाळीस मिनिटं, दुसऱ्या जागी, शेजारच्यांचं जेवणाचं टेबल किंवा वाचनालय. शेवटी दोन मैत्रिणींसोबत एकाच खोलीत.

आठवड्यात दोनदा, जास्त नाही. पुढच्या पायरीवर कधी जायचं ते गुणांवर ठरवायचं नाही. सलग दोनदा भीतीचा आकडा ३ किंवा खाली आला की जायचं.

इथे बहुतेक घरांत एक चूक होते. मूल मध्येच रडायला लागतं, आणि आपण माया वाटून "राहू दे, उठ" म्हणतो. त्या क्षणी त्याला सुटल्यासारखं वाटतं, आणि उठून गेलं की बरं वाटतं एवढं डोक्यात पक्कं बसतं. पुढच्या वेळी भीती आधीच येते. म्हणून पायरी एवढी लहान ठेवा की रडू येऊनही ती दहा मिनिटांत पुरी होईल. तरीही नाही झाली तर उठू देण्याऐवजी एक पायरी खालचं, सोपं उदाहरण द्या, ते संपलं की थांबा. शेवट सुटकेने होऊ नये, काहीतरी पुरं होऊन व्हावा.

आणि "न येणारं उदाहरण" ही पायरी पालक गाळतात, कारण दुष्टपणा वाटतो. ती सगळ्यांत महत्त्वाची आहे. परीक्षेत न येणारं एक तरी असणारच. ते आल्यावर सोडून पुढे जाणं ही वेगळी सवय आहे, ती येणारी उदाहरणं करून लागत नाही. काय दिलंय हे तिला आधीच सांगून ठेवा, फसवू नका: "यात एक न सुटणारं आहे, ते ओळखून सोडून द्यायचं काम आहे."

तिरकस

सगळं ठीक, पण हे श्वासबिश्वासाचं कोणी सांगितलं नाही अजून, आश्चर्य वाटलं. आणि परीक्षेआधी कागदावर भीती लिहून काढायची, हे पालक गटात फिरतंय ते? दहा मिनिटं मन मोकळं करा आणि गुण वाढवा म्हणे.

मधली_सुट्टी

त्याचा उगम खरा आहे, तिरकस. २०११ साली शिकागो विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी ते सायन्स या नियतकालिकात छापलं. परीक्षेच्या आधी दहा मिनिटं आपल्या काळज्या लिहिल्या तर घाबरणाऱ्यांची कामगिरी सुधारते, असं त्यांना दिसलं. पण २०१८ मध्ये नेचर आणि सायन्समधल्या २१ प्रयोगांची पुनरावृत्ती झाली, त्यात हा प्रयोग टिकला नाही. त्यामुळे मी कोणाला ते गुण वाढवायचं औषध म्हणून सांगत नाही. तरी काही मुलांना आदल्या रात्री लिहिल्यावर झोप बरी लागते, असं ती स्वतः सांगतात. तेवढ्यासाठी करायला हरकत नाही. सक्ती केली तर मुलगी त्याचाही गृहपाठ करून टाकेल.

श्वासाचं म्हणाल तर एकच अट. पहिल्यांदा परीक्षेत करायचा नाही. चार मोजत आत, सहा मोजत बाहेर, तीन वेळा, अर्धं मिनिट लागतं. हे पायऱ्यांच्या सरावात पंधरा-वीस वेळा झालेलं असेल तरच वर्गात आठवतं. नाही तर "श्वास बरोबर घेतेय का" हीच नवी काळजी.

खडूफळा

यात परीक्षेच्या दालनातलं काम जोडतो, कारण अर्धा तास नुसतं बसणं ही सवय मोडायची आहे.

वीस गुण, चाळीस मिनिटं. पहिली तीन मिनिटं पेन न लावता सगळा पेपर वाचायचा. येणाऱ्या प्रश्नापुढे बरोबरची खूण, विचार लागेल त्यापुढे काही नाही, न येणाऱ्यापुढे फुली. फुली मारायला शिकवणं अवघड जातं, मुलांना ती लाज वाटते. शेवटची पाच मिनिटं तपासायला. उरली बत्तीस, म्हणजे दोन गुणांच्या उदाहरणाला साधारण तीन मिनिटं आणि तीन गुणांच्याला पाच. हे आकडे पाठ करायचे नाहीत, कच्च्या कामाच्या जागी वर लिहून ठेवायचे.

आणि अडकलं की हे, याच क्रमाने. पेन टेबलावर ठेवायचं. पाय जमिनीला टेकलेत का बघायचं. तीन श्वास. मग पेन उचलून "दिलेले:" असं लिहून प्रश्नातले आकडे उतरवायचे. हाताला काम मिळालं की बहुतेकदा पुढची पायरी सुचते. मिनिटभरात नाही सुचली, तर पाच-सहा ओळी कोऱ्या सोडून प्रश्न क्रमांकाला गोल करायचा आणि पुढे जायचं. त्या कोऱ्या ओळींमुळे परत येता येतं. ज्यांना ही सवय नसते ती पहिल्या अडलेल्या प्रश्नावर पेपर संपवतात, कारण पुढे जाणं म्हणजे हा प्रश्न कायमचा गेला असं त्यांना वाटतं.

पायरीला गुण असतात हेही तिला एकदा पेपरावर दाखवा. ४/६ − ५/६ ला मिळालेला १ गुण आहे ना, त्याला बोट लावून. म्हणजे अर्धवट लिहिलेलं खोडायची सवय जाते. खोडायचं तर एक आडवी रेघ, गिरगटणं नाही. रेघेखालचं वाचता येतं आणि तपासणाऱ्याने ते बघायची शक्यता तरी राहते.

प्रवीण_जळगाव

काही शाळांत प्रश्न क्रमानेच सोडवायला लावतात, किंवा उत्तर पुस्तिकेतच छापलेली जागा असते. तिथे पाच ओळी सोडण्याचं कसं करणार?

खडूफळा

छापलेली जागा असेल तर सोपंच, जागा आधीच सोडलेली आहे, फक्त गोल करायचा. क्रमाचा हट्ट असेल तर शिक्षकांना आधी भेटून विचारावं. मुलीने विचारू नये. बहुतेकांना क्रमांक स्पष्ट लिहिलेला असला की चालतं. नाहीच म्हणाले, तर माझ्याकडे यावर पक्का उपाय नाही. क्रमाने लिहायचं, जागा सोडायची, एवढंच.

आबा_सांगली

आणि आईवडिलांनी काय करायचं? माझी सून रोज नातवाला गणित शिकवायला बसते आणि शेवटी दोघंही चिडतात. मी बाजूला बसून काही बोललो की तीन.

मधली_सुट्टी

आबा, यावर एक अभ्यास २०१५ मध्ये आला, पहिली-दुसरीच्या मुलांवरचा. ज्या पालकांना स्वतःला गणिताची धास्ती होती आणि जे मुलांना गृहपाठात वारंवार मदत करत होते, त्यांची मुलं वर्षभरात कमी शिकली आणि वर्षाअखेरीला जास्त घाबरली. धास्ती असून फारशी मदत न करणाऱ्यांच्या मुलांत तसं दिसलं नाही. वय लहान होतं, सातवीला तसंच होईल असं मी म्हणणार नाही. पण तुमच्या सुनेला सांगा की शिकवण्याऐवजी "मला समजावून सांग" म्हणावं. सुटलं नाही की पेन हातात घेऊ नये. आणि "मलाही गणित जमायचं नाही" हे वाक्य धीर देण्यासाठी म्हणतो आपण, मुलाच्या कानात ते घराण्याचा वारसा म्हणून जातं.

तिरकस

"चार मार्क कमी मिळाले तर काय बिघडतं" हेही तितकंच खोटं वाटतं मुलांना. त्यांना माहीत असतं काय बिघडतं.

केतकी_ठाणे

तीन आठवड्यांनी लिहितेय. घोषणेवर बंदी घातली. पहिले चार दिवस ती संख्यारेषेला "बाळांचं" म्हणत होती, मग उधारीचं तिने स्वतः रंगवून सांगितलं, दुकानदाराला नावही दिलं. पंधराव्या दिवशी १२ पैकी १२, पण −५−(−८) ला अजून सात सेकंद लागले. तो प्रकार रोजच्या आठात ठेवलाय.

पायऱ्यांत चौथ्यापर्यंत आलो. घड्याळ समोर आल्यावर पहिल्यांदा आकडा ७ सांगितला, दुसऱ्यांदा ५, तिसऱ्यांदा ३, चौथ्यांदा ३. एकदा मध्येच उठायला निघाली, मी सोपं उदाहरण दिलं, ते करून थांबलो. पाचवी पायरी, न येणारं उदाहरण, मीच टाळली. हिंमत झाली नाही.

मग बैजिक राशींवरची चाचणी आली. तयारी पुरी नव्हती. २० पैकी ११.

आबा_सांगली

५ चे ११! पेढे कुठे?

मधली_सुट्टी

पेढे नकोत, आबा. ११ साठी पेढे दिले तर पुढच्या ९ ला काय द्यायचं? केतकीताई, पाचवी पायरी या आठवड्यात करा, आणि तिला आधीच सांगून. तुमची हिंमत तिच्या हिंमतीच्या आधी लागणार आहे, हे खरं.

खडूफळा

११ राहू दे बाजूला. पेपर समोर घ्या. किती प्रश्नांना गोल केलाय, आणि प्रत्येकाखाली किती ओळी कोऱ्या आहेत?

केतकी_ठाणे

दोन प्रश्नांना गोल. एकाखाली पाच ओळी सोडल्या आहेत आणि त्या तशाच राहिल्या. दुसऱ्याखाली चारच, पण तिथे ती परत आलेली दिसते. "दिलेले:" लिहून ३x − ५x पर्यंत पोचली आहे. पुढे −२x लिहून त्यावर एक आडवी रेघ मारली आहे, आणि त्याखाली पुन्हा −२x.